नवसागराचे पाणी आम्लधर्मी आणि सोडियम ॲसिटेटचे आम्लारिधर्मी का?

प्रश्न: सर, क्षार तर आम्ल आणि आम्लारी यांच्या उदासीनीकरणातून तयार होतो. मग NH₄Cl चे द्रावण आम्लधर्मी आणि CH₃COONa चे आम्लारिधर्मी कसे? माझ्या नोट्समध्ये NH₄Cl + H₂O → NH₄OH + HCl असे समीकरण लिहून पुढे "HCl तीव्र, म्हणून द्रावण आम्लधर्मी" असे दिले आहे. पण तयार झालेले HCl आणि NH₄OH लगेच एकमेकांशी परत अभिक्रिया करणार नाहीत का?

उत्तर:

करतील. तुमची शंका अगदी रास्त आहे आणि दोष त्या समीकरणात आहे. बारावीच्या मुलांना मी बरीच वर्षे हा भाग शिकवतो आहे. सॉल्ट हायड्रोलिसिस म्हणजे क्षारांचे जलापघटन अवघड वाटते त्याचे मोठे कारण हे समीकरणच, असे माझे ठाम मत आहे. ते वाचले की डोळ्यांसमोर चित्र येते ते असे, की बाटलीत एकीकडे HCl तयार झाले, दुसरीकडे NH₄OH तयार झाले आणि तीव्र असल्यामुळे HCl ने बाजी मारली. बाटलीत असे काहीच घडत नाही.

आधी एका शब्दाचा घोळ दूर करू, कारण यूट्यूबवर हिंदीतून शिकणाऱ्या मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो. मराठीत क्षार म्हणजे सॉल्ट. हिंदीत क्षार म्हणजे बेस, ज्याला आपण आम्लारी म्हणतो. त्यामुळे हिंदीत एखादे द्रावण "क्षारीय" आहे असे ऐकले, तर त्याचा मराठी अर्थ आम्लारिधर्मी असा घ्यायचा.

आता बाटलीकडे येऊ. अमोनियम क्लोराइड म्हणजे आपला नवसागर, कल्हईवाला तापलेल्या भांड्यात टाकतो तोच. त्याचा खडा पाण्यात टाकला की तो पूर्ण सुटा होतो. द्रावणात NH₄⁺ आणि Cl⁻ हे दोन आयन मोकळे फिरू लागतात. NH₄Cl नावाचा रेणू तिथे शिल्लक राहत नाही. म्हणून पुढचा सगळा विचार आयनांचाच करायचा. प्रत्येक आयनाला एकच प्रश्न विचारायचा: तू पाण्याला H⁺ देऊ शकतोस का, किंवा पाण्याकडून H⁺ घेऊ शकतोस का?

Cl⁻ ला विचारा. त्याने पाण्याकडून H⁺ घेतला तर HCl तयार होईल. पण HCl हे इतके तीव्र आम्ल आहे की पाण्यात ते आपला H⁺ जवळजवळ सगळा सोडून देते. जो आयन हातातला H⁺ सुद्धा धरून ठेवत नाही, तो पाण्याच्या रेणूकडून ओढून कसा घेणार? म्हणजे Cl⁻ नुसता हजर आहे. द्रावणात HCl चा रेणू कुठेही बनत नाही, आणि "HCl तीव्र म्हणून" हे कारण तिथेच गळून पडते.

NH₄⁺ ची गोष्ट वेगळी. तो म्हणजे एक H⁺ जास्तीचा घेतलेला अमोनियाचा रेणू. अमोनिया सौम्य आम्लारी आहे, म्हणजे त्याची H⁺ वरची पकड बऱ्यापैकी घट्ट असली तरी पक्की नाही. पाण्याच्या गर्दीत काही NH₄⁺ आयन आपला H⁺ शेजारच्या पाण्याच्या रेणूला देऊन टाकतात:

```
NH₄⁺ + H₂O ⇌ NH₃ + H₃O⁺
```

हेच खरे समीकरण. वहीत हेच लिहा. द्रावणात जास्तीचा H₃O⁺ आला तो इथून. यात दोन टोकांचा बाण मुद्दाम आहे. तुम्ही म्हणता ती उलटी अभिक्रिया, म्हणजे NH₃ आणि H₃O⁺ परत एकत्र येणे, सतत चालूच असते, आणि तीच जोरदार असते. दोन्ही दिशांचा वेग सारखा होतो तिथे समतोल साधतो, आणि त्या समतोलात थोडासा H₃O⁺ शिल्लक उरतो. "थोडासा" म्हणजे किती, हे पाहिल्याशिवाय हा विषय मनात बसत नाही, म्हणून एक गणित पूर्ण करू.

0.1 M नवसागराचे द्रावण घ्या, तापमान 25 °C. अमोनियाचा विचरण स्थिरांक Kb = 1.8 × 10⁻⁵. एखादी आम्लारी आणि तिने H⁺ घेऊन झालेले आम्ल यांच्या स्थिरांकांचा गुणाकार पाण्याच्या Kw एवढा, म्हणजे 10⁻¹⁴ असतो. म्हणून NH₄⁺ साठी:

```
Ka = 10⁻¹⁴ / (1.8 × 10⁻⁵) = 5.6 × 10⁻¹⁰
[H₃O⁺] = √(5.6 × 10⁻¹⁰ × 0.1) ≈ 7.5 × 10⁻⁶ M
pH ≈ 5.13
```

आता 7.5 × 10⁻⁶ ला 0.1 ने भागा. उत्तर येते 0.000075. म्हणजे एक लाख NH₄⁺ आयनांपैकी फक्त सात-आठ आयनांनी H⁺ सोडला आहे, बाकीचे 99,992 जसेच्या तसे आहेत. हा आकडा फळ्यावर लिहिला की वर्गात नेहमी शांतता पसरते, कारण "जलापघटन होते" हे ऐकून बहुतेकांनी निम्मा-पाऊण क्षार तुटतो असे मनाशी धरलेले असते.

इतक्या थोड्या आयनांनी द्रावण आम्लधर्मी कसे होते? कारण तुलना ज्याच्याशी करायची ते शुद्ध पाणी याहूनही कोरडे असते. त्यात H₃O⁺ असतो फक्त 10⁻⁷ M. लाखातल्या सात-आठ आयनांनी दिलेला H₃O⁺ त्याच्या पंचाहत्तरपट भरतो. उदासीन असणे ही इतकी नाजूक स्थिती आहे की लाखातले सात आयनही तिचा तोल घालवतात. क्षार उदासीनीकरणातून तयार झाला म्हणून त्याचे द्रावण उदासीनच हवे, असे वाटते ते "उदासीनीकरण" या नावामुळे. त्या शब्दाने एवढेच सांगितले आहे की आम्ल आणि आम्लारी तुल्य प्रमाणात एकत्र आले. तयार झालेल्या आयनांनी पुढे पाण्याशी कसे वागायचे, याची हमी तो देत नाही.

हे आयन संख्येने थोडे असले तरी त्यांच्यामागे मोठा साठा उभा आहे, हे डोळ्यांनी पाहता येते. मॅग्नेशियमच्या फितीचा एक-दोन सेंटिमीटरचा तुकडा सँडपेपरने चकचकीत होईपर्यंत घासा आणि नवसागराच्या जरा तीव्र, साधारण 1 M द्रावणात सोडा. साध्या थंड पाण्यात ही फीत जवळजवळ निपचित पडून राहते. इथे मात्र तिच्या अंगावर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे चढू लागतात आणि परीक्षानळीतून वर येत राहतात. मॅग्नेशियम H₃O⁺ खाऊन टाकते, समतोल उजवीकडे सरकतो, नवे NH₄⁺ आयन H⁺ सोडतात, आणि हे चक्र चालू राहते. काही वेळाने नळी किंचित कोमट करून हाताने वारा घेत वास घ्या. अमोनियाचा वास येतो. समीकरणाची उजवी बाजू, NH₃ आणि H₃O⁺ दोन्ही, अशा रीतीने एकाच नळीत पकडता येते.

आता सोडियम ॲसिटेट. पाण्यात Na⁺ आणि CH₃COO⁻ मोकळे झाले. Na⁺ कडे देण्यासारखा H⁺ नाही. त्याचा प्रभार एकच आणि आकार मोठा, त्यामुळे भोवतालच्या पाण्याच्या रेणूंनाही तो H⁺ सोडायला लावू शकत नाही. (तुरटीतला Al³⁺ मात्र लहान आणि तिप्पट प्रभाराचा असल्यामुळे नेमके हेच करतो, म्हणून तुरटीचे पाणी आम्लधर्मी असते. तेव्हा "धातूचा आयन कधीच काही करत नाही" असा नियम पाठ करू नका.) उरला ॲसिटेट. ॲसेटिक आम्ल सौम्य आहे, म्हणजे ॲसिटेटला H⁺ धरून ठेवणे बऱ्यापैकी जमते. म्हणून तो अधूनमधून पाण्याकडूनच H⁺ घेतो आणि पाण्याचा OH⁻ मागे राहतो:

```
CH₃COO⁻ + H₂O ⇌ CH₃COOH + OH⁻
```

द्रावणात OH⁻ जास्त झाला, म्हणून ते आम्लारिधर्मी. योगायोग असा की ॲसेटिक आम्लाचा Ka सुद्धा 1.8 × 10⁻⁵ च आहे. त्यामुळे गणित हुबेहूब वरचेच, फक्त आरशातले: [OH⁻] ≈ 7.5 × 10⁻⁶ M, pOH 5.13 आणि pH 8.87. इथेही लाखात सात-आठच.

या ठिकाणी एक चुकीचे वाक्य पेपरांमध्ये पुन्हा पुन्हा दिसते: "सौम्य आम्लाचा आयन तीव्र आम्लारी असतो." ॲसिटेटचा Kb आहे 5.6 × 10⁻¹⁰. तो स्वतः अमोनियाच्याही हजारो पटींनी सौम्य आहे. क्लोराइडच्या तुलनेत तो सरस आहे, इतकेच. आम्ल जितके सौम्य तितका त्याचा आयन आम्लारी म्हणून अधिक सबळ, हे वाक्य बरोबर. "तीव्र" हा शब्द मात्र तिथे बसत नाही.

कागदावर दोन्ही द्रावणे आरशातल्यासारखी सारखी आहेत, पण प्रयोगशाळेत ती तशी वागत नाहीत, आणि हे मला फार उशिरा उमगले. एका बॅचमध्ये मुलांना मी दोन्ही 0.1 M द्रावणे करायला दिली होती: 100 मिली पाण्यात नवसागर 0.535 ग्रॅम, आणि दुसऱ्या चंचुपात्रात सोडियम ॲसिटेटचे त्रिहायड्रेट 1.36 ग्रॅम. (बाटलीवरचे लेबल नीट वाचायचे. पाणीविरहित ॲसिटेट असेल तर 0.82 ग्रॅमच लागते.) सामूमापकावर नवसागराच्या द्रावणाचा सामू 5.1 च्या आसपास आला, सगळे खूश. ॲसिटेटचा मात्र काही केल्या 8.5 च्या वर जाईना. मुलांनी पुन्हा वजन केले, मीटर बफरने पुन्हा जुळवला, आकडा तोच. शेवटी निम्म्या वर्गाने जर्नलमध्ये गुपचूप 8.87 लिहून टाकले.

चूक मुलांची नव्हती, आणि मीटरही बिघडलेला नव्हता. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन उघडा राहिला की त्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात तो साधारण 1.3 × 10⁻⁵ M असतो आणि अशा पाण्याचा स्वतःचाच सामू 5.6 च्या आसपास येतो. आता तुलना करा: ॲसिटेटने कष्टाने तयार केलेला OH⁻ आहे 7.5 × 10⁻⁶ M, आणि त्याच्यावर टपलेला कार्बन डायऑक्साइड त्याच्या जवळजवळ दुप्पट. तो OH⁻ ला बायकार्बोनेटमध्ये अडकवतो. ॲसिटेट समतोल सरकवून थोडा OH⁻ पुन्हा भरून काढतो, म्हणून सामू फार कोसळत नाही. पण हिशेब केला तर तो सुमारे 8.5 वर येऊन थांबतो. मीटरने नेमके तेच दाखवले होते. नवसागराच्या द्रावणात मात्र आधीच H₃O⁺ पुरेसा आहे, तिथे कार्बन डायऑक्साइडला विचरण करायला फारसा वावच उरत नाही. त्याच्यामुळे सामू 5.13 वरून जेमतेम 5.11 होतो, जो फरक शाळा-कॉलेजच्या मीटरवर दिसतही नाही.

उपाय सोपा आहे. डिस्टिल्ड वॉटर पाच-दहा मिनिटे खळखळून उकळायचे, झाकण घट्ट लावून थंड करायचे आणि द्रावण केल्यावर लगेच मोजायचे. दुसऱ्या दिवशी आम्ही तसे केले आणि आकडा 8.8 च्या पुढे गेला. तेव्हापासून "मीटर आणि पुस्तक जुळत नसेल तर आधी पाण्याकडे बघा" हे मी प्रत्येक बॅचला सांगतो, आणि जर्नलमध्ये मीटरवर दिसला तोच आकडा लिहायला लावतो.

मीटर नसेल तर फिनॉल्फथॅलिनने काम होते. हा दर्शक 8.2 च्या खाली रंगहीन असतो आणि 10 पर्यंत गडद गुलाबी होत जातो. उकळलेल्या पाण्यातल्या ॲसिटेटच्या द्रावणात त्याचे दोन थेंब टाका आणि परीक्षानळी पांढऱ्या कागदासमोर धरा. फिकट, जेमतेम जाणवणारी गुलाबी छटा दिसते. आता नळी गरम पाण्याच्या भांड्यात, साधारण 60 °C ला, थोडा वेळ उभी करा. छटा डोळ्यांदेखत गडद होत जाते. नळी नळाखाली थंड केली की पुन्हा फिकी पडते. जलापघटन उष्णता शोषून घेणारे आहे, तापमान वाढले की Kw वाढतो आणि ॲसिटेटला पाण्याकडून H⁺ घेणे सोपे जाते. 60 °C ला OH⁻ चे प्रमाण 25 °C च्या सुमारे तिप्पट होते. हा प्रयोग जमला तर एकदा तरी स्वतःच्या हाताने करा. समतोल पुढे-मागे सरकतो म्हणजे काय, हे त्या गुलाबी रंगात दिसते.

आणखी एक गोष्ट तुमच्या प्रश्नाच्या पुढच्या पायरीवर येणारच आहे: द्रावण विरल केले तर? नवसागराचे द्रावण दहापट विरल करून 0.01 M केले, तर जलापघटनाचे प्रमाण वाढते, लाखात सात-आठ ऐवजी चोवीसच्या आसपास. हे ऐकून मुले लिहितात की द्रावण अधिक आम्लधर्मी झाले. तसे होत नाही. वाटा साधारण तिप्पट झाला, पण एकूण आयनच दहापट कमी झाले. [H₃O⁺] घटून 2.4 × 10⁻⁶ M वर आला आणि सामू 5.13 वरून 5.63 झाला. विरल करत गेले की क्षाराचे जलापघटन वाढते आणि द्रावण मात्र उदासीनतेकडे सरकते.

यावरून मूळ प्रश्नाचा शेवटचा धागाही सुटतो. जलापघटन किती झाले आणि द्रावण किती आम्लधर्मी वा आम्लारिधर्मी झाले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळ्यात स्पष्ट उदाहरण अमोनियम ॲसिटेटचे. त्यात NH₄⁺ ही आहे आणि CH₃COO⁻ ही. एकाकडे देण्यासाठी H⁺ आहे, दुसरा तो घ्यायला तयार आहे, त्यामुळे दोघे एकमेकांची अभिक्रिया पुढे ओढतात:

```
NH₄⁺ + CH₃COO⁻ ⇌ NH₃ + CH₃COOH
h ≈ √(Kw / (Ka × Kb)) ≈ 0.0056
```

म्हणजे लाखात साधारण 560 आयन. नवसागरात किंवा सोडियम ॲसिटेटमध्ये झाले त्याच्या सुमारे पंचाहत्तरपट जलापघटन इथे झाले. तरीही मीटर लावला तर सामू 7 च्या जवळ दिसतो, कारण NH₄⁺ चे H⁺ देणे आणि ॲसिटेटचे H⁺ घेणे, दोघांचे स्थिरांक सारखे असल्यामुळे, बरोबरीत सुटते. मिठाच्या पाण्याचाही सामू 7 आणि याचाही 7. पण मिठाच्या पाण्यात आयन पाण्याच्या वाटेला गेलेच नाहीत, आणि इथे तिन्हींपैकी सर्वांत जास्त जलापघटन झालेले आहे. परीक्षेत "अमोनियम ॲसिटेटचे जलापघटन होत नाही, कारण द्रावण उदासीन आहे" असा पर्याय दिसला तर तो चुकीचा आहे.